जुन्या फोनवर बाळाचा आवाज ऐकायचा असेल तर

प्रश्न : माझी मुलगी पाच महिन्यांची आहे. आमचं घर देवगडजवळच्या गावात, जुनं चिऱ्याचं. ती माजघरालगतच्या खोलीत झोपते आणि मी मागच्या स्वयंपाकघरात नाहीतर परसात असते, तिचं रडणं तिथे ऐकू येत नाही. सासूबाई घरात असतात, पण त्यांना कमी ऐकू येतं. घरात एक जुना अँड्रॉइड ७ चा फोन पडून आहे. तो खोलीत चार्जिंगला लावून कायम चालू ठेवला तर चालेल का? कुठलं ॲप घेऊ? आणि दुपारी बाळाला बघायला एक मावशी येतात, त्यांना हे सांगायलाच हवं का?

उत्तर :

ताई, फोन चालेल. कायम चार्जिंगला लावून मात्र नाही. आणि मावशींना सांगायलाच हवं. ही दोन उत्तरं आधी देऊन टाकली, कारण ॲप कुठलंही घेतलंत तरी ती बदलणार नाहीत. मी मोबाइल दुरुस्तीचं आणि घरोघरी वायफाय बसवण्याचं काम करतो, त्यामुळे फोनची बाजू आणि चिऱ्याच्या भिंतींची बाजू, दोन्ही नीट सांगू शकेन.

सगळ्यात सोपी वाटणारी युक्ती म्हणजे जुन्या फोनवरून आपल्या फोनला कॉल लावायचा आणि तो तसाच चालू ठेवायचा. ती मी सुचवत नाही. कॉलमध्ये फोन माणसाचं जवळून केलेलं बोलणं पुढे पाठवतो आणि बाकीचे आवाज गोंगाट समजून दाबतो. पाच-सहा फुटांवरून येणारी बाळाची कुरकुर त्याच्या हिशेबी गोंगाटातच जमा होऊ शकते. व्हॉट्सॲप कॉलमध्येही तेच होतं, शिवाय दोन्हीकडे इंटरनेट लागतं. काही जण जुन्या बटणांच्या फोनला आपोआप कॉल उचलण्याची सेटिंग लावून तो खोलीत ठेवतात. तसं तर अजिबात करू नका. त्या नंबरवर चुकून कुणाचाही कॉल आला तरी त्याला तुमच्या खोलीतलं सगळं ऐकू जाईल आणि तुम्हाला पत्ताही लागणार नाही.

प्ले स्टोअरवर बाळासाठी म्हणून मिळणारी बरीचशी ॲप खातं उघडायला लावतात. त्यांतल्या अनेकांमध्ये आवाज किंवा चित्र कंपनीच्या सर्व्हरवरून फिरून तुमच्यापर्यंत येतं. म्हणजे खोलीतून स्वयंपाकघरात यायला आवाज आधी गावाबाहेर जाणार. आपल्याकडे पावसाळ्यात फांदी पडून फायबर तुटली की इंटरनेट दोन-दोन दिवस नसतं, आणि तेव्हा असं ॲप मुकं होतं. म्हणून ज्याचा आवाज घरातल्या घरात फिरतो असं ॲप घ्या. मी Child Monitor हे छोटं, मोफत ॲप वापरायला सांगतो. ते F-Droid या मोफत ॲपच्या साइटवर मिळतं. त्यात खातं नाही, जाहिराती नाहीत, कॅमेरा नाही, फक्त आवाज आहे. दोन्ही फोनवर तेच ॲप टाकायचं, एकाला बाळाचा फोन ठरवायचं आणि दुसऱ्याला पालकांचा. दोन्ही फोन एकाच वायफायवर असले की इंटरनेट बंद असलं तरी आवाज येतो. त्याची मर्यादाही लक्षात घ्या. यातला आवाज एन्क्रिप्ट होऊन जातो असं धरून चालू नका. तुमच्या वायफायवर जो असेल त्याला तो मिळू शकतो. राउटरचा पासवर्ड शेजाऱ्यांना, पाहुण्यांना, आंबा काढायला आलेल्या गड्यांना दिलेला असेल तर आधी तो बदला.

फोन आधी रिकामा करा. आतलं जुनं गुगल खातं सेटिंगमध्ये जाऊन काढा आणि मगच फॅक्टरी रिसेट मारा. खातं न काढता रिसेट केलंत तर रिसेटनंतर फोन जुन्या खात्याचा पासवर्ड मागत बसू शकतो, आणि तो बहुधा कुणालाच आठवत नसतो. सिम आणि मेमरी कार्ड काढून ठेवा. रिसेटनंतर नवं खातं टाकू नका. अँड्रॉइड ७ ला सुरक्षेचे अपडेट मिळणं कधीच थांबलेलं आहे, त्यामुळे त्यात तुमचे फोटो, बँक, व्हॉट्सॲप यातलं काहीही नको. ॲपची फाइल तुमच्या रोजच्या फोनवर उतरवा आणि ब्लूटूथने किंवा केबलने जुन्यावर पाठवा, म्हणजे त्याला इंटरनेटवर जायची गरजच पडत नाही. मग सेटिंगमधल्या परवानग्यांमध्ये जाऊन माइक फक्त या एका ॲपला ठेवा, बाकी सगळ्यांचा काढा.

आता भिंती. फायबरची वायर रस्त्याच्या बाजूने घरात येते, म्हणून राउटर नेहमी ओटीवर बसवलेला असतो. तुमच्या घराच्या बांधणीत बाळाची खोली ओटीपासून एका भिंतीवर आणि स्वयंपाकघर दोन-तीन भिंतींवर असणार. चिऱ्याची भिंत जाड असते आणि पावसाळ्यात ओल धरते. ओली भिंत वायफाय आणखी गिळते. मे महिन्यात स्वयंपाकघरात चांगलं चालणारं वायफाय जुलैमध्ये मान टाकतं, ते याचमुळे. राउटरवर दोन नावं दिसत असतील आणि त्यातल्या एकाला 5G लिहिलेलं असेल तर दोन्ही फोन दुसऱ्या नावाला जोडा. त्याचा वेग कमी असतो, पण ते भिंतीतून जास्त आत जातं, आणि नुसत्या आवाजाला वेग फारसा लागतच नाही. तरीही स्वयंपाकघरात दांडी एकच दिसत असेल तर राउटर माजघरात उंचावर हलवून घ्या. हे काम फायबरवाल्याकडूनच करून घ्या, ती बारीक वायर हाताने वाकवली की आतून तुटते.

राहिली वीज. लाइट गेली की राउटर बंद आणि राउटर बंद की आवाज बंद, फोनच्या बॅटऱ्या भरलेल्या असल्या तरी. राउटरसाठी छोटे यूपीएस मिळतात, ते काही तास पुरतात. घेताना राउटरच्या अडॅप्टरवरचा व्होल्टचा आकडा बघून त्याच आकड्याचा घ्या. तो घ्यायचा नसेल तर तुमच्या रोजच्या फोनचा हॉटस्पॉट चालू करून जुना फोन त्याला जोडता येतो. मग मध्ये राउटर राहतच नाही. या पद्धतीत कधीकधी ॲपला दुसरा फोन आपोआप सापडत नाही. तेव्हा बाळाच्या फोनच्या स्क्रीनवर दिसणारा आकडी पत्ता तुमच्या फोनवर हाताने टाका.

आता मुख्य गोष्टीकडे येतो, ॲपच्या निवडीपेक्षा ती मोठी आहे. तुमच्या हातातला फोन शांत असेल तर त्याचे दोन अर्थ होतात. एक, बाळ झोपलेलं आहे. दोन, जोडणी तुटलेली आहे. ऐकणाऱ्याला दोन्ही सारखेच वाटतात, आणि भीती आहे ती दुसऱ्याची. जोडणी तुटली की बीप देण्याची सोय अशा ॲपमध्ये असते, पण राउटर अचानक बंद पडला तर ते फोनला लगेच कळेलच असं नाही, कधी बराच वेळ जातो. म्हणून बाळाच्या फोनजवळ सतत येणारा, बारीक, ओळखीचा आवाज असू द्या. भिंतीवरचं टिकटिक करणारं घड्याळ उत्तम, कारण ते सेलवर चालतं. ते फोनपासून हातभर अंतरावर ठेवा, म्हणजे स्वयंपाकघरात तुमच्या फोनला कान लावला की टिकटिक यायला हवी. टिकटिक येते आणि बाळाचा आवाज नाही, तर बाळ शांत आहे. टिकटिकही नाही, तर हातातलं टाकून खोलीत जायचं. पंख्याच्या घरघरीवर विसंबू नका, लाइट गेली की ती जोडणी ठीक असतानाही थांबते. तुमच्या जुन्या फोनचा माइकच टिकटिक गाळून टाकत असेल तर दर दहा मिनिटांनी खोलीत डोकावण्याला पर्याय नाही.

वापर सुरू करण्याआधी, बाळ तुमच्या मांडीवर असताना, एकदा नीट चाचणी घ्या. बाळाचा फोन त्याच्या जागी ठेवा, स्क्रीन बंद करा आणि घरातल्या कुणाला तरी पाळण्यापाशी बसून हळू आवाजात अंक मोजायला सांगा. तुम्ही स्वयंपाकघरात जा, मागच्या पडवीत जा, विहिरीपाशी जा. अंक जिथे तुटायला लागतात ती तुमची हद्द. माझ्या अंदाजाने तुमच्या घरात विहीर हद्दीबाहेर जाईल. तसं झालं तर कपडे धुताना आणि पाणी काढताना फोनचा उपयोग नाही असं समजा, वायफाय ताणत बसू नका. मग मुद्दाम राउटरचं बटण बंद करा आणि तुमच्या फोनला ते किती वेळाने कळतं ते बघा. शेवटी दोन्ही फोन तसेच दोन तास चालू ठेवा. बऱ्याच कंपन्यांचे फोन स्क्रीन बंद असताना मागे चाललेलं ॲप बॅटरी वाचवायला गुपचूप बंद करतात. पहिली पंधरा मिनिटं सगळं छान चालतं आणि पुढे आवाज येईनासा होतो, तेव्हा कारण बहुतेक हेच असतं. अँड्रॉइड ७ मध्ये Settings मध्ये Battery, तिथे Battery optimization उघडून या ॲपला Don't optimize निवडा. तुमच्या नव्या फोनवरही अशीच सोय शोधून तेच करा, बंद पडणारा फोन तिकडचाही असू शकतो.

रोजच्या वापरात आणखी एक गोष्ट नडते. बाळाचा आवाज तुमच्या फोनच्या मीडिया आवाजावर येतो, रिंगटोनच्या नाही. रात्री मीडिया आवाज शून्य केला आणि सकाळी विसरलात, तर ॲप चालू दिसेल आणि ऐकू काहीच येणार नाही. फोन ब्लूटूथ स्पीकरला जोडलेला राहिला तर रडणं ओटीवरच्या स्पीकरमधून येईल. आणि तुम्हाला कुणाचा कॉल आला की तो संपेपर्यंत बाळाचा आवाज येत नाही. बाळ झोपलेलं असताना माहेरचा फोन आला तर बोलत बोलत खोलीतच जाऊन बसा.

आता चार्जिंगचं. जुन्या फोनची बॅटरी दिवसरात्र शंभर टक्क्यांवर धरून ठेवली की गरम राहते, आणि गरम राहिलेली जुनी बॅटरी फुगते. दमट हवेत चार्जिंगची पिनही गंजते आणि तिथे वेगळी उष्णता तयार होते. पावसाळ्यात माझ्याकडे फुगलेल्या बॅटरीचे फोन येतात, त्यांत असे सतत चार्जरला लावून ठेवलेले असतातच. फोन सपाट लादीवर पालथा-उताणा ठेवून बघा. तो डुगडुगत असेल, पाठीचं झाकण किंवा स्क्रीन कडेला उचलली गेली असेल, तर त्याला चार्जर लावूच नका आणि टोचून-दाबून बघू नका. तो फोन बाळाच्या खोलीत न्यायचा नाही, दुकानात बॅटरी बदलून मगच वापरायचा.

बॅटरी ठीक असेल तर पद्धत अशी ठेवा. बाळ जागं असताना फोन तुमच्या डोळ्यांसमोर, ओट्यावर किंवा फरशीवर, पूर्ण चार्ज करा, चार्जर बीआयएस खुणेचा असावा. बाळ झोपलं की चार्जरशिवाय खोलीत न्या. स्क्रीन बंद आणि नुसता आवाज असेल तर बरी बॅटरी दुपारच्या झोपेला सहज पुरते. दोन तासांच्या चाचणीत निम्म्याहून जास्त उतरली, किंवा तीस टक्के दाखवत असताना फोन बंदच पडला, तर ती बॅटरी संपलेली आहे. वळवाच्या नाहीतर परतीच्या पावसात वीज कडाडायला लागली की चार्जर आणि राउटर दोन्ही प्लगमधून काढा. त्या वेळात बाळाजवळ माणूस हवं.

फोन ठेवायची जागा म्हणजे भिंतीतला कोनाडा किंवा पक्की फळी. पाळण्यात, झोळीत, उशीखाली, मच्छरदाणीच्या आत, दुपट्याच्या घडीवर कुठेही नाही. कडक पृष्ठभाग हवा, म्हणजे उष्णता निघून जाते. फोन पाळण्यापासून पाच-सहा फुटांवर, माइकचं भोक, जे बहुतेक फोनला खालच्या कडेला असतं, बाळाकडे करून. पंख्याचा झोत थेट त्यावर येऊ देऊ नका. आणि वायर. अमेरिकेतला ग्राहक सुरक्षा आयोग बेबी मॉनिटरच्या वायरी बाळाच्या बिछान्यापासून किमान तीन फूट लांब ठेवायला सांगतो, कारण वायर ओढून गळ्याभोवती अडकल्याने मुलं दगावलेली आहेत. पाच महिन्यांचं बाळ आज हात मारतं आणि पुढच्या महिन्यात सरकायला लागतं. चार्जरशिवाय फोन वापरायला मी सांगतो त्याचं बॅटरीइतकंच मोठं कारण हे आहे.

आता मावशींचा प्रश्न. मावशी खोलीत असतात तेव्हा बाळाजवळ मोठं माणूस आहे. तेव्हा या फोनचं कामच नाही, तो बंद असावा. तरीही तो चालू ठेवला तर त्या वेळी तो बाळाला नाही, मावशींना ऐकत असतो. त्या घरी फोन करतील, सासूबाईंशी स्वतःच्या सुनेबद्दल बोलतील, शेजारीण येऊन काही सांगेल, ते सगळं तुमच्या कानावर येईल आणि त्यांना कळणारही नाही. गावात असं एकदा उघडकीला आलं की तुमच्या घरी कामाला कुणी येणार नाही, पण त्याही आधी, ते त्यांच्यावर अन्यायाचं आहे. सांगायचं ते सरळ सांगा : “मावशी, बाळ एकटं झोपलं की मी कोनाड्यातला हा फोन चालू ठेवते. तेव्हा इथे बोललेलं मला आत ऐकू येतं. तुम्ही आलात की मी तो बंद करते.” आणि खरोखर बंद करा, त्यांच्यासमोर. सासूबाईंनाही हेच सांगा. त्या दुपारी त्याच खोलीत आडव्या होत असतील तर त्यांनाही विचारा. फोनवर एक चिठ्ठी चिकटवा, “चालू असताना आवाज ऐकू जातो”, म्हणजे पाहुण्यांनाही समजेल. रेकॉर्डिंग कुठल्याही कारणाने करू नका.

मावशींबद्दल मनात शंका असेल तर त्यावर चोरून ऐकणं हा उपाय नाही. शंका असेल तोवर बाळ त्यांच्याकडे एकटं सोपवू नका. काही लोक त्यासाठी आयकॉन लपवणारी ॲप सुचवतात. ती टाकताना फोनची सुरक्षा बंद करायला सांगतात आणि आवाज कुठल्या अनोळखी सर्व्हरवर जातो हे कुणालाच कळत नाही. तुमच्या घरातलं बोलणं दुसऱ्याच्या हातात देण्याचा तो खात्रीचा रस्ता आहे.

कॅमेरा का नको हेही यातच आलं. तुमच्याकडे अजून बाळाची आंघोळ-मालिश त्याच खोलीत होत असेल, तुम्ही तिथेच दूध पाजत असाल. त्या खोलीतलं चित्र कुठल्याही नेटवर्कवर जाऊ नये. एखाद्याच्या खासगी अवयवांचं चित्र त्याच्या संमतीशिवाय टिपणं किंवा पाठवणं हा माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६ई खाली गुन्हा आहे, तीन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. घरच्यांच्या हातूनही नको ते टिपलं जाऊ शकतं. जुन्या फोनच्या पुढच्या आणि मागच्या कॅमेऱ्यावर चिकटपट्टी लावून टाका.

आणि हा फोन काय करू शकत नाही ते स्पष्ट सांगतो. तो रडणं ऐकतो, श्वास नाही. तोंडावर दुपटं आलं, झोळीत मान पुढे पडून हनुवटी छातीला टेकली, तर बाळ रडत नाही, गप्पच होतं. धुरीची किंवा शेकाची शेगडी दारं लावलेल्या खोलीत राहिली तर कोळशाचा विषारी वायूही गुपचूपच काम करतो. यातलं काहीही फोनला कळणार नाही, टिकटिक मात्र व्यवस्थित येत राहील. म्हणून शेगडी बाळाच्या खोलीत झोपेच्या वेळी अजिबात नको, आणि बाळ उताणं, टणक सपाट बिछान्यावर, आजूबाजूला उशा-गोधड्या न ठेवता झोपवा. अमेरिकेतली बालरोगतज्ज्ञांची संघटना बाळाला निदान पहिले सहा महिने आईवडिलांच्याच खोलीत, पण वेगळ्या बिछान्यावर झोपवायला सांगते. तेव्हा रात्री फोनवर भरवसा ठेवून बाळाला दुसऱ्या खोलीत ठेवू नका. हा फोन दिवसाच्या झोपेसाठी आहे, घरात तुम्ही असताना, एका मिनिटात पाळण्यापाशी पोचाल इतक्या अंतरासाठी. बाजारात, मंदिरात, बागेत जायचं तर बाळाजवळ ऐकू येणारं माणूस हवं.

तुमच्या खोलीवर कौलं आहेत की पत्रे, ते तुम्ही लिहिलं नाहीत. पत्रे असतील तर जोराची सर आली की माइकमध्ये फक्त पावसाचा मारा भरतो आणि बाळाचं रडणं, घड्याळ, काहीच वेगळं ऐकू येत नाही. आवाज वाढवून उपयोग होत नाही, पाऊसही तितकाच वाढतो. सर लागली की ॲप बंद करा आणि बाळाचा बिछाना स्वयंपाकघराच्या दाराशी, चुलीच्या धुरापासून आणि गॅसपासून लांब, तुम्हाला ती दिसेल असा आणून ठेवा.